जहाजावरच्या स्त्रिया : केबिन, तक्रार आणि समुद्रसेवेचे महिने



मार्च २०२१मध्ये, महिला दिनाच्या तोंडावर, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे ‘एम. टी. स्वर्ण कृष्णा’ हे तेलवाहू जहाज निघाले. त्या फेरीत जहाजावरच्या सगळ्या अधिकारी स्त्रिया होत्या. ब्रिजवर स्त्रिया, इंजिन रूममध्ये स्त्रिया. फोटो छापून आले, कौतुक झाले, ते योग्यच होते. पण त्या फेरीकडे जरा बारकाईने पाहिले तर काय दिसते? अशी फेरी एकदा जमवता येते, कायमची चालवता येत नाही. जहाजावर कॅप्टन एकच असतो, चीफ इंजिनिअर एकच असतो, आणि त्या पदांपर्यंत पोहोचलेल्या स्त्रिया देशात मोजक्या. शिवाय अधिकारी म्हणजे सगळे जहाज नव्हे. डेकवर दोर ओढणारे, इंजिनात तेलपाणी पाहणारे, भटारखाना सांभाळणारे खलाशी ही जवळजवळ निम्मी माणसे, आणि त्या कामांवर स्त्री दिसणे मालवाहू जहाजांवर आजही दुर्मीळ आहे.

जगाचा हिशेबही फारसा वेगळा नाही. जहाजमालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२१ साली केलेल्या पाहणीत प्रमाणपत्रधारक स्त्री नाविकांची संख्या २४,०५९ निघाली. म्हणजे एकूण नाविकांच्या १.२८ टक्के. शंभरांत जेमतेम एक. त्यातल्याही बऱ्याचजणी प्रवासी जहाजांवर आणि फेरीबोटींवर. तेल, कोळसा, कंटेनर वाहणाऱ्या जहाजांवर हे प्रमाण आणखी उतरते.

असे का? घरातून परवानगी मिळत नाही म्हणून, हे झटकन सुचणारे उत्तर. ते निम्मेच खरे आहे. कोल्हापुरातून रत्नागिरीचा किनारा गाठायला तीन-साडेतीन तास लागतात, आणि कोल्हापूर जिल्ह्यातली मुले जहाजावर जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुलगी जायची म्हटली की घरात चर्चा होते, पण ती जाते. खरी अडचण त्यानंतरची आहे. ती जहाजावर चढते तेव्हा तिथली प्रत्येक व्यवस्था वेगळ्याच माणसासाठी बेतलेली असते: एक सुदृढ पुरुष, ज्याचे घर दुसरे कुणीतरी सांभाळते आणि ज्याला मूल होण्याने कामात खंड पडत नाही. केबिन त्याच्या हिशेबाने, बॉयलर सूट त्याच्या मापाचा, तक्रारीची वाट त्याला पडणाऱ्या अडचणींची, बढतीचे नियम त्याच्या आयुष्यक्रमाचे. या व्यवस्थेचे तीन भाग इथे क्रमाने पाहायचे आहेत: राहण्याची आणि कपड्यांची सोय, तक्रारीचा मार्ग, आणि समुद्रसेवेचा हिशेब. यातला मधला भाग सगळ्यांत अवघड, म्हणून त्याला जास्त वेळ द्यावा लागेल.

आधी केबिन. सागरी कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६चा करार आहे. तो जगात २०१३पासून लागू झाला आणि भारताने २०१५ साली त्याला मान्यता दिली. त्यात स्पष्ट लिहिले आहे की स्त्रिया आणि पुरुष यांच्या झोपण्याच्या खोल्या वेगळ्या हव्यात, स्वच्छतागृहे वेगळी हवीत. ज्यांना स्वतःचे स्नानगृह नाही अशा दर सहा माणसांमागे किमान एक शौचालय, एक बेसिन, एक शॉवर. नव्या मोठ्या जहाजांवर अधिकाऱ्यांना आणि बहुतेक वेळा खलाशांनाही स्वतंत्र केबिन आणि आत बाथरूम असते. तिथे हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे.

अडतो तो कॅडेटपाशी. कॅडेट म्हणजे शिकाऊ उमेदवार. जहाजावरची सगळ्यांत खालची पायरी. कॅडेटांसाठी पुष्कळ जहाजांवर दोघांत मिळून एक केबिन असते. एकच मुलगी पाठवली तर दोन माणसांची केबिन तिला एकटीला द्यावी लागते, आणि कंपनीच्या क्रूइंग विभागात हिशेब मांडला जातो की एका मुलीमागे एका मुलाची जागा गेली. मग ‘सध्या केबिन नाही’ असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसते, हेच त्यातले अवघड. पण याच हिशेबाचा उपायही त्याच केबिनमध्ये आहे: दोन मुली एकत्र पाठवल्या तर एकही जागा वाया जात नाही.

केबिननंतर येतात कपडे, आणि इथे बाहेरच्या माणसाला कल्पना येणार नाही अशा गोष्टी आहेत. इंजिन रूममध्ये चाळीस अंशांच्या वर तापमान असते. अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध बॉयलर सूट. पुरुषाला लघवीला जायचे तर पुढची चेन पुरते. स्त्रीला संपूर्ण सूट खांद्यांवरून उतरवावा लागतो, तोही घामाने अंगाला चिकटलेला, तेलकट फरशीच्या अरुंद शौचालयात. परिणाम असा की कित्येकजणी वॉचच्या चार तासांत पाणीच पीत नाहीत. त्या उष्णतेत पाणी न पिणे म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग आणि चक्कर, आणि चक्कर आली ती फिरत्या यंत्राशेजारी. उपाय काय? शर्ट आणि पँट असा दोन तुकड्यांचा बॉयलर सूट. आग न धरणाऱ्या त्याच कापडाचा तो मिळतो. खर्चात फरक नगण्य. तरीही कंपनीच्या खरेदी यादीत तो नसतो, कारण यादी वीस वर्षांपूर्वीची आणि ती करणाऱ्याला हा प्रश्न कधी पडलेलाच नव्हता.

हातमोजे घ्या. बंदरात जहाज बांधताना जाड दोर विंचवर गुंडाळला जात असतो. हातमोज्याची बोटे अर्धा इंच लांब असतील तर ते टोक दोर आणि ड्रम यांच्यामध्ये सापडते, आणि मागोमाग बोट जाते. बुडत्या जहाजावरून उतरताना घालायचा इमर्शन सूट ढगळ असला तर चेहऱ्याभोवतीची पट्टी घट्ट बसत नाही, आत पाणी शिरते, आणि थंड पाण्यापासून वाचवणे हे त्याचे एकमेव काम तो करीत नाही. श्वसनयंत्राच्या मुखवट्याचेही तसेच. स्त्रीच्या मापाची सुरक्षा साधने हा लाडाकौतुकाचा विषय नाही. मापाचे नसलेले साधन म्हणजे साधन नसणेच. हे नियमांत यायला वेळ लागला. वर सांगितलेल्या करारात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती २३ डिसेंबर २०२४पासून लागू आहे आणि तिच्यात योग्य मापाची साधने देणे बंधनकारक केले आहे. स्त्री नाविकांच्या अडचणी समोर आल्यामुळेच ती दुरुस्ती झाली. बुटक्या पुरुष खलाशांचीही त्यात सोय झाली, हे जाता जाता.

आणि पाळीचे काय? मोठ्या जहाजांवर बहुधा व्हॅक्यूम शौचालये असतात. हवेच्या दाबाने मैला ओढून नेणारी. त्यात पॅड टाकला तर एका मजल्यावरची सगळी लाइन तुंबते, आणि ती मोकळी करायला दुसऱ्या दिवशी इंजिनचा कनिष्ठ अभियंता आणि फिटर पाइप उघडतात. कुणामुळे तुंबली हे शोधायला एकटीच मुलगी असलेल्या जहाजावर फार वेळ लागत नाही. मग मेस रूममध्ये कुजबुज. प्लॅस्टिक असलेला कचरा समुद्रात टाकायला आंतरराष्ट्रीय नियमांनी बंदी आहे, म्हणजे पॅड एक तर जहाजाच्या भट्टीत जाळायचे किंवा बंदरात उतरवायचे. त्यासाठी काय लागते? प्रत्येक स्वच्छतागृहात, इंजिन रूममधल्याही, झाकणाची कचरापेटी. बंद पिशव्या. आणि त्या पेट्या कोण, केव्हा भट्टीकडे नेतो याची कचरा व्यवस्थापनाच्या कागदात एक ओळ. सहा महिन्यांच्या करारात पॅड संपले तर? जहाजाच्या दुकानात साबण, शीतपेय, चॉकलेट मिळते. तिथे पॅड ठेवायला अडचण असायचे कारण नाही; ते मागवताना कॅप्टनच्या सहीच्या यादीत मुलीला स्वतः लिहायला लागू नये, एवढीच काळजी घ्यायची. औषधपेटी साधारणपणे सेकंड ऑफिसरकडे असते. म्हणजे पोटदुखीची गोळीदेखील एका पुरुष सहकाऱ्याला कारण सांगून घ्यायची.

हे सगळे पैशांनी सुटणारे प्रश्न आहेत, आणि पैसाही थोडा लागतो. आता ज्याला नुसता पैसा पुरत नाही तो भाग: तक्रारीचा मार्ग.

शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारी स्त्री शिफ्ट संपली की घरी जाते. त्रास देणारा माणूस गेटच्या आत राहतो. रात्री दाराला कडी लावली की ती आणि तिची माणसे. जहाजावर गेट नाही. ज्याने दिवसा त्रास दिला तो रात्री त्याच मजल्यावर चार दारे सोडून झोपतो, सकाळी त्याच टेबलावर नाश्ता करतो, आणि पुढचे बंदर बारा दिवसांवर असते. पंचवीस माणसांच्या या वस्तीत पोलीस नाही, वकील नाही, महिला दक्षता समिती नाही. कॅप्टन हाच मालकाचा प्रतिनिधी, न्यायाधीश आणि डॉक्टरही.

आता एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. ते कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी नियमांतली आहे. समजा, एकोणीस-वीस वर्षांची डेक कॅडेट पहिल्याच जहाजावर आहे. तिचा चीफ ऑफिसर रात्री उशिरा ‘रेकॉर्ड बुक घेऊन ये’ म्हणून केबिनमध्ये बोलावतो. रेकॉर्ड बुक म्हणजे प्रशिक्षणाची नोंदवही. तिच्यात शेकडो कामे लिहिलेली असतात आणि प्रत्येक कामापुढे जबाबदार अधिकाऱ्याची सही लागते. ती नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. आणि जहाजावर कॅडेटच्या प्रशिक्षणाची जबाबदारी सहसा कुणाकडे असते? चीफ ऑफिसरकडेच. म्हणजे नकार दिला तर सही अडते. सही अडली तर करिअर अडते.

तिने तक्रार करायची ठरवली. नियम काय सांगतो? २००६च्या कराराप्रमाणे प्रत्येक जहाजावर तक्रारीची पद्धत असली पाहिजे, आणि ती शक्य तितक्या खालच्या पातळीवर सुटावी असा प्रयत्न हवा. जेवण निकृष्ट आहे, विश्रांतीचे तास भरत नाहीत, एसी बंद आहे, अशा तक्रारींसाठी हे शहाणपणाचे आहे. पण इथे खालची पातळी म्हणजे तिचा विभागप्रमुख. आणि तिचा विभागप्रमुख म्हणजे तोच चीफ ऑफिसर! नियमातच पुढे म्हटले आहे की नाविकाला थेट कॅप्टनकडे, आणि गरज वाटल्यास जहाजाबाहेरच्या अधिकाऱ्यांकडेही जाण्याचा हक्क आहे. पण जहाजावर लावलेल्या तक्त्यात बाण खालून वर एकेक पायरी चढत जातात, आणि वीस वर्षांची मुलगी तक्ता वाचते, करार वाचत नाही.

कॅप्टनकडे गेली. कॅप्टन भला असेल तर तिची केबिन बदलेल, वॉच बदलेल, कंपनीला कळवेल. भला नसेल, किंवा नुसता भित्रा असेल, तर? ‘बंदर येईपर्यंत धीर धर’ हे नेहमीचे उत्तर. मग उरतो तिसरा मार्ग. जहाजांच्या सुरक्षा व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार प्रत्येक कंपनीत किनाऱ्यावर एक नेमलेला माणूस असतो, डीपीए. त्याला कंपनीच्या सर्वोच्च पातळीपर्यंत थेट जाता येते. त्याचा नंबर मेस रूममध्ये लावलेला असतो. मात्र बहुधा तो स्वतः माजी कॅप्टन असतो आणि जहाजावरच्या कॅप्टनला वर्षानुवर्षे ओळखत असतो. शिवाय फोन कुठून करायचा? जहाजावर उपग्रह फोन ब्रिजवर किंवा कॅप्टनच्या ऑफिसात असे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्या कानांसमोर. आता केबिनपर्यंत इंटरनेट येऊ लागले आहे. मुलगी आपल्या फोनवरून, दार लावून, मुंबईला निरोप पाठवू शकते. त्रासाविरुद्धच्या साऱ्या धोरणपत्रांपेक्षा या एका बिनतारी जोडणीने जास्त फरक पाडला असेल.

मुंबईत निरोप पोहोचला. भारतीय कंपनीला २०१३चा कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा लागू आहे. अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री हवी, निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. कारखान्यासाठी ही मुदत ठीक. जहाजावरच्या मुलीसाठी? साक्षीदार खलाशी तोवर साइन ऑफ होऊन आपापल्या गावी गेलेले असतात, काही फिलिपिन्सला, काही युक्रेनला. पॅसेजमधल्या कॅमेऱ्यावर नवे चित्रण जुन्यावर चढलेले असते. ब्रिजवरचे बोलणे टिपणारा व्हॉयेज डेटा रेकॉर्डर असतो. २०१४नंतरच्या यंत्रांत दीर्घ मुदतीची नोंद तीस दिवस राहते, जुन्यांत किमान बाराच तास. कुणीतरी ‘सेव्ह’चे बटण दाबायला सांगितले नाही, तर पुरावा आपोआप पुसला जातो. म्हणून जाणत्या कंपन्यांनी करायची पहिली गोष्ट समिती बसवणे ही नसते. निरोप आल्याच्या दिवशीच जहाजाला कळवायचे: रेकॉर्डिंग जपा, मास्टर की कुणाकडे आहे ते कळवा, मुलीची केबिन आणि वॉच बदला, आणि तिच्या रेकॉर्ड बुकवर यापुढे किनाऱ्यावरचा प्रशिक्षण अधिकारी सही करील.

मास्टर कीचा विषय थोडा सविस्तर घ्यायला हवा. केबिनचे दार आतून बंद केले तरी ते बाहेरून उघडता आलेच पाहिजे, कारण आग लागली तर आत झोपलेल्याला काढायचे असते. त्यामुळे ‘मुलींच्या केबिनला आतून जाड कडी बसवा’ हा सहज सुचणारा उपाय जहाजावर धोक्याचा ठरतो. मग सगळी दारे उघडणाऱ्या किल्ल्या काही अधिकाऱ्यांकडे, स्टुअर्डकडे असतात. अमेरिकेत एका शिकाऊ मुलीने २०२१ साली आपल्यावर झालेला अत्याचार निनावीपणे लिहून प्रसिद्ध केला, तेव्हा तिथे मोठी खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा केला. त्यात मास्टर कीवर नियंत्रण, किल्ली कुणी केव्हा घेतली याची नोंद, आणि केबिनकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये कॅमेरे, अशा तरतुदी आहेत. किल्ल्या मोजून कपाटात, कपाटाशेजारी वही. साधी गोष्ट. पण रात्री दोन वाजता दार कसे उघडले गेले, या प्रश्नाला तिच्यामुळे उत्तर मिळते. कार्डाने उघडणारी कुलुपे असतील तर ती नोंद आपोआप होते.

आता परदेशी झेंड्याचा पेच. भारतीय नाविकांतले बरेच जण पनामा, लायबेरिया, मार्शल बेटे अशा झेंड्यांच्या जहाजांवर काम करतात. खुल्या समुद्रात जहाजावर झेंड्याच्या देशाचा कायदा चालतो. तरी भारतीय फौजदारी कायदा भारतीय नागरिकाने देशाबाहेर केलेल्या गुन्ह्यालाही लागू होतो, आणि भारतात नोंदलेल्या जहाजावर कुणीही केलेल्या गुन्ह्याला लागू होतोच. मुंबई बंदरात यलो गेट पोलीस ठाणे आहे. पण तिथपर्यंत जाण्याआधी तक्रारदार मुलीला एक प्रश्न पडलेला असतो: जहाजावरून आधी कोण उतरेल? अनुभव असा की तीच उतरते. ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी’ तिला पुढच्या बंदरात साइन ऑफ केले जाते. तिची समुद्रसेवा तिथे थांबते, दुसरे जहाज कधी मिळेल ते सांगता येत नाही, आणि तो अधिकारी करार पूर्ण करतो. हे पाहिलेल्या इतर मुली काय शिकतात, ते वेगळे सांगायला नको. कंपनीचे धोरण खरे की कागदी, हे ओळखायची खूण हीच. चौकशी होईपर्यंत आरोप असलेल्याला उतरवायचे, आणि मुलीला स्वतःच उतरायचे असेल तर ठरावीक दिवसांत त्याच ताफ्यातले दुसरे जहाज द्यायचे, ही दोन वाक्ये धोरणात आहेत का ते पाहावे.

१ जानेवारी २०२६पासून नाविकांच्या मूलभूत प्रशिक्षणातच लैंगिक छळ आणि दादागिरी रोखण्याचा भाग आंतरराष्ट्रीय नियमाने आला आहे. चांगले झाले. मात्र पन्नाशीचा चीफ इंजिनिअर नवख्या मुलांच्या त्या वर्गात बसणार नाही. त्याच्यासाठी कंपनीलाच वेगळी सोय करावी लागते, आणि ती साइन ऑनच्या आधीच्या ब्रीफिंगमध्ये केली तरच होते.

तिसरा भाग समुद्रसेवेच्या महिन्यांचा. हा गाजावाजा न होणारा, पण स्त्रियांना वरच्या पदांपासून सर्वाधिक दूर ठेवणारा.

पदाप्रमाणे पगार ठरलेला असतो; थर्ड ऑफिसर मुलगी आणि थर्ड ऑफिसर मुलगा यांचे वेतन एकच. मग फरक कुठे पडतो? जहाजावर काढलेल्या दिवसांत. बहुतेक नाविक करारावर असतात. साइन ऑफ झाले की पगार थांबतो. बढतीही दिवसांवरच. बारावीनंतर एक वर्षाचा नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा, मग अठरा महिने कॅडेट म्हणून समुद्रावर, मग परीक्षा आणि वॉचकीपिंग अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र. चीफ मेटच्या प्रमाणपत्रासाठी आंतरराष्ट्रीय नियमानुसार किमान बारा महिने वॉचची सेवा. मास्टरसाठी छत्तीस महिने, त्यातले बारा चीफ मेट म्हणून असतील तर चोवीस. कागदावर हे आकडे लहान दिसतात. मध्ये सुट्ट्या, कोर्स, परीक्षांच्या तारखा आणि जहाजाची वाट पाहणे धरले की कॅप्टन व्हायला तिशी उजाडते. एकवीस ते बत्तीस: लग्न आणि मुले याच वर्षांत येतात. मुलालाही येतात, पण त्याचा एकही करार त्यामुळे बुडत नाही.

गरोदरपणाबाबत आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिका असे सांगते की गुंतागुंत नसेल तर साधारण चोविसाव्या आठवड्यापर्यंत समुद्रावर काम करता येते. प्रत्यक्षात देशोदेशीचे नियम त्याहून कडक असू शकतात. वाहतूक कामगारांच्या जागतिक महासंघाच्या प्रमाण करारात गरोदर स्त्रीला कंपनीच्या खर्चाने घरी पाठवणे, शंभर दिवसांचे मूळ वेतन देणे, आणि बाळंतपणानंतर तीन वर्षांत योग्य जागा निघाल्यास तिला प्राधान्य देणे, ही कलमे आहेत. ज्या जहाजांवर तो करार नाही तिथे? साइन ऑफ, आणि ‘बरं वाटलं की कळवा’.

त्यानंतरचा खड्डा जास्त खोल आहे. अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र पाच वर्षांसाठी असते. नूतनीकरणाला मागच्या पाच वर्षांत बारा महिने समुद्रसेवा लागते, किंवा मागच्या सहा महिन्यांत तीन. दोन मुले झाली, दोन्ही वेळा मूल थोडे मोठे होईपर्यंत ती थांबली, तर ही अट हुकते. वाट पूर्ण बंद होत नाही. मान्य परीक्षा किंवा उजळणीचा कोर्स करता येतो, नाहीतर तीन महिने जादा अधिकारी म्हणून जहाजावर काढता येतात. पण जादा अधिकारी म्हणजे कंपनीने नियमित माणसाच्या जोडीला आणखी एकाचा खर्च सोसायचा. बाळंतपणातून परतणाऱ्या अधिकाऱ्यासाठी तो सोसणारी कंपनी स्त्रियांना खरोखर टिकवते. न सोसणारी कंपनी दरवर्षी नव्या मुली भरती करते आणि आकडा तेवढाच राहतो.

कॅप्टन राधिका मेनन यांचा प्रवास या हिशेबात ठेवून पाहावा. शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये रेडिओ ऑफिसर म्हणून सुरुवात, तिथून डेकच्या परीक्षा देत भारतीय व्यापारी जहाजांवरच्या पहिल्या स्त्री कॅप्टन. जून २०१५मध्ये ‘संपूर्ण स्वराज्य’ या तेलवाहू जहाजाच्या कमांडवर असताना त्यांनी बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रातून ‘दुर्गम्मा’ या बंद पडलेल्या बोटीवरच्या सात मच्छीमारांना वाचवले. त्याबद्दल २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. या कथेत धाडसाचा भाग सगळे सांगतात. दुसरा भाग असा की एकाच कंपनीत त्यांना एकामागून एक समुद्रसेवा मिळत गेली. खासगी करारावर दर वेळी नव्याने जहाज शोधणाऱ्या मुलीला हे मिळत नाही.

मग कंपनीने क्रू बांधायचा कसा? एक पद्धत म्हणजे मुलींना जोडीने पाठवणे. काही जागतिक कंपन्यांनी एकत्र येऊन निवडक जहाजांवर किमान चार स्त्रिया ठेवण्याचा प्रयोगही केला आहे. एकटी असली की तिची प्रत्येक चूक ‘बायकांची’ ठरते. चौघी असल्या की त्यातली एक हुशार, एक आळशी, एक बडबडी अशी माणसे दिसू लागतात. पण जोडीच्या नियमाला एक छुपी बाजू आहे. ‘दुसरी मुलगी मिळाली की पाठवतो’ म्हणून पहिली मुलगी महिनोन् महिने घरी, बिनपगारी. नियम संरक्षणासाठी केलेला, आणि मार तिच्याच समुद्रसेवेला. त्यामुळे जोडीच्या नियमाला मुदत हवी: अमुक दिवसांत जोडीदार मिळाली नाही तर, तिची तयारी असल्यास, ती एकटी जाईल, आणि जहाजावर पाठवायचा कॅप्टन त्या हिशेबाने निवडला जाईल.

दुसरी पद्धत, मूल लहान असताना दोन-तीन महिन्यांचे छोटे करार. विमानाची तिकिटे वाढतात, कामाचा ताबा देण्या-घेण्यात वेळ जातो. तरी अनुभवी सेकंड ऑफिसर गमावण्यापेक्षा ते स्वस्त. तिसरी, घराजवळची कामे. रेश्मा निलोफर २०१८ साली कोलकाता बंदरात नदीच्या पायलट झाल्या, देशातल्या पहिल्या. पायलट जहाजावर चढतो, ते बंदरात आणतो आणि घरी जातो. मात्र ‘तुम्ही किनाऱ्यावरच बऱ्या’ असा त्याचा अर्थ कंपन्या लावू लागल्या तर ती सोय राहत नाही, हद्दपारी होते.

आणि नवरा-बायको दोघेही अधिकारी असतील तर? भारतीय जहाजांवर अधिकाऱ्यांच्या बायका पाहुण्या म्हणून प्रवास करतात, हे कित्येक दशके चालू आहे. गंमत अशी की बायको म्हणून आलेल्या स्त्रीला केबिन, स्नानगृह, जेवणाचे टेबल, कशाचीच अडचण कधी आली नाही. अडचणी सुरू झाल्या त्या स्त्री कामाला आल्यावर. दोघांना एकाच जहाजावर नेमणे काही कंपन्या करतात. फक्त एक दुसऱ्याच्या थेट हाताखाली नसावा, म्हणजे एक डेकला, एक इंजिनला, किंवा निदान दोघांचे मूल्यमापन करणारा अधिकारी वेगळा असावा.

यातले कोणते उपाय लागू पडले हे कंपनीला कळायचे कसे? वार्षिक अहवालात भरतीचा आकडा असतो, पण भरतीच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिल्या करारावर गेलेल्या मुलींपैकी तिसऱ्या करारावर किती गेल्या. ‘तयार आहे’ असे कळवल्यापासून प्रत्यक्ष साइन ऑन होईपर्यंत मुलीला किती दिवस लागले आणि त्याच हुद्द्याच्या मुलाला किती. आणि तक्रार झाली त्या प्रत्येक वेळी जहाजावरून आधी कोण उतरले. हे तीनही हिशेब नव्याने जमवायची गरज नाही. साइन ऑन आणि साइन ऑफच्या तारखा प्रत्येक नाविकाच्या सीडीसी पुस्तिकेत शिक्क्यासह असतात, आणि त्यांची नोंद क्रूइंग विभागाकडेही असते.